पोर्क बेलीची कातडी: आधी वाळवा, मग तापवा

पोर्क बेली ओव्हनमधून बाहेर काढली. मांस अगदी मऊ शिजलंय, घरभर वास सुटलाय, आणि सुरी लावली तर वरची कातडी रबरासारखी ताणली जातेय. पोर्क भाजणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येते. मग पुढच्या खेपेला माणूस ओव्हन आणखी तापवतो, आणखी अर्धा तास ठेवतो, आणि कातडीचा एक कोपरा कोळसा होतो तर दुसरा तसाच वातड राहतो. चूक बहुतेक वेळा आचेत नसतेच. ती आदल्या दिवशी, फ्रीजमध्ये झालेली असते.

कातडीत नेमकं काय घडतं ते आधी पाहू, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावरच बेतलेली आहे. कच्च्या कातडीत निम्म्याहून जास्त पाणी असतं, आणि उरलेल्यात मुख्यतः कोलॅजन. कोलॅजन म्हणजे दोरासारखं पीळ असलेलं चिवट प्रथिन. उष्णता आणि ओलावा दोन्ही मिळाले की हा पीळ सुटतो आणि त्याचं जिलेटिन होतं. हे जिलेटिन वाळत गेलं की काचेसारखं कडक होतं. पण पुरेशी प्रखर आच लागली की ते पुन्हा जरा सैल पडतं, आत अडकलेल्या थोड्याशा पाण्याची वाफ होते आणि ती वाफ कातडीला आतून फुगवते. मक्याच्या दाण्याची लाही होते तोच प्रकार. फुगलेली कातडी त्याच अवस्थेत वाळली की दाताखाली कडकड फुटते. यालाच क्रॅकलिंग म्हणतात.

पाणी जास्त असेल तर आचेची सगळी ताकद ते उडवण्यात खर्च होते. तोवर कातडीचं तापमान १०० अंशांच्या आसपासच रेंगाळतं आणि फोड येत नाहीत. उलट पाणी पार संपलं असेल, किंवा कोलॅजनचा पीळ सुटण्याआधीच कातडी सुकली असेल, तर फुगायला काही उरत नाही. मग ती दात पाडणारी, पारदर्शक, पिवळसर अशी कडक पट्टी होते. आपल्याला या दोन टोकांच्या मधली जागा गाठायची आहे.

तुकडा निवडताना

मी इथे १.५ किलोचा, हाडं काढलेला, कातडीसकट तुकडा धरून लिहितोय. जाडी साधारण ४ ते ५ सेंटीमीटर. वजनापेक्षा ही जाडी महत्त्वाची, कारण भाजायला लागणारा वेळ जाडीवर ठरतो. त्याच जाडीचा ३ किलोचा लांब तुकडा घेतला तर वेळ दुप्पट होत नाही, जेमतेम १५-२० मिनिटं वाढतात. तुकडा एकसारख्या जाडीचा असावा. एका टोकाला निमुळता असेल तर तिकडचं मांस आधी सुकतं.

कातडीवर केस राहिले असतील तर साध्या दाढीच्या ब्लेडने काढून टाका. दुकानात कातडी सोलून मिळत असेल तर आधीच सांगून ठेवा, कारण सोललेल्या बेलीवर पुढचा एकही उपाय चालत नाही.

चिरा किती खोल द्यायच्या

चिरा दोन कामं करतात. खालची चरबी वितळली की तिला वर यायला वाट देतात, म्हणजे कातडी स्वतःच्याच चरबीत तळली जाते. शिवाय भाजताना कातडी आक्रसते, तेव्हा तुकडा वाटीसारखा वळत नाही.

चिरा साधारण १ सेंटीमीटर अंतरावर, समांतर द्या. कातडी पूर्ण कापली जावी, सुरीचं टोक खालच्या चरबीच्या थरात जावं, पण मांसापर्यंत मुळीच पोचू नये. मांसाला चीर गेली की भाजताना त्यातला रस वर उसळतो आणि नेमका वाळवलेल्या कातडीवर पसरतो. त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीचा मऊ पट्टा राहतो, आणि खाताना तो बरोबर सापडतो. स्वयंपाकघरातल्या सुरीने हे काम नीट होत नाही, कारण कातडी दबते आणि सुरी अचानक खोल घुसते. कागद कापायचं नवं कटर चांगलं. तुकडा अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून टणक करून घेतला तर आणखी सोपं. चिरा कोणत्या दिशेने द्यायच्या हेही आत्ताच ठरवा: नंतर ज्या दिशेने काप काढणार, त्याच दिशेने.

काही जण चिरा न देता टोकदार सुयांनी कातडी जवळजवळ टोचून घेतात. त्याने फोड बारीक आणि एकसारखे येतात, पोत हलका होतो. मात्र टोचायचं तर हजारभर भोकं पाडायची तयारी हवी. पाच-पन्नास भोकं पाडून भागत नाही.

मीठ, आणि मग फ्रीजमधले दोन दिवस

मांसाच्या बाजूला साधारण १५ ग्रॅम मीठ चोळा. मिरी, लसूण, बडीशेप, जे मसाले आवडतात ते सगळे याच बाजूला आणि कडांना लावा. कातडीवर फक्त मीठ. मी एकदा मध आणि सोया सॉस घातलेलं वाटण हौसेने सगळीकडून लावलं होतं. साखर काळी पडली आणि तिच्याखाली कातडी ओली ती ओलीच राहिली. तेव्हापासून ओलं काही असेल तर मी तुकडा ट्रेमध्ये ठेवल्यावर खालून लावतो आणि कातडीला थेंबही लागू देत नाही.

कातडीवर एक चमचाभर, म्हणजे साधारण ६ ग्रॅम बारीक मीठ चिरांमध्ये शिरेल असं चोळा आणि तुकडा तासभर तसाच फ्रीजमध्ये ठेवा. मीठ कातडीतलं पाणी बाहेर ओढतं. तासाभराने वर घामासारखे थेंब दिसतील. ते कागदी टॉवेलने दाबून दाबून टिपा, चिरांच्या आतूनही. चोळू नका, नाहीतर चिरांच्या कडा फाटतात.

आता तुकडा जाळीवर, जाळी ट्रेवर, कातडी वर, आणि वर काहीही झाकण नाही. असाच फ्रीजच्या सर्वात खालच्या कप्प्यात, म्हणजे कच्च्या मांसाचा थेंब दुसऱ्या कशावर पडणार नाही. २४ तास किमान, ४८ तास उत्तम. फ्रीजमधली हवा कोरडी असते आणि सतत फिरत असते, आणि आपल्याला हवी आहे ती हीच गोष्ट. फ्रीज गच्च भरलेला असेल तर हवा फिरत नाही आणि दोन दिवसांचं काम होत नाही. आजूबाजूला चार बोटं मोकळी जागा ठेवा. जवळ उघडं अन्न असेल तर तेही झाकून ठेवा, कारण तुमच्या कस्टर्डला पोर्कचा वास लागेल.

कातडी वाळली हे कसं ओळखायचं? नवीन तुकड्याची कातडी बोटाला गार, किंचित चिकट आणि लवचीक लागते. वाळलेली कातडी बोटाला कोरडी, जाड कागदासारखी लागते, रंगाने थोडी गडद आणि अर्धपारदर्शक होते. नखाने टिचकी मारली तर बारीक टक्‌ असा आवाज येतो. मी हल्ली तुकडा वजन करून ठेवतो. १५०० ग्रॅमचा तुकडा दोन दिवसांनी १४३० ग्रॅमच्या आसपास आला, तर कातडी तयार आहे असं मी समजतो. हे माझ्या फ्रीजमधलं गणित. तुमचा आकडा थोडा वेगळा येईल, पण एकदा तुमच्या फ्रीजमध्ये नोंदवून ठेवला की पुढे उपयोगी पडतो.

वेळच नसेल तर कातडीवर उकळतं पाणी ओतण्याचा जुना उपाय आहे. त्याने कातडी आक्रसते, चिरा उघडतात आणि कोलॅजन सुटायला सुरुवात होते. पण नंतर ती पुन्हा वाळवावीच लागते, त्यामुळे हा फ्रीजमधल्या वेळेला पर्याय नाही. सिंकमध्ये ओतलं, टिपलं आणि लगेच ओव्हनमध्ये टाकलं, तर तुम्ही पाणी काढण्याऐवजी घातलंत.

ओव्हनमध्ये जाण्यापूर्वी

मांस ओव्हनमध्ये घालण्याआधी तासभर बाहेर ठेवावं असं बऱ्याच पाककृतींत लिहिलेलं असतं. बेलीच्या बाबतीत मी हे करत नाही. हवा दमट असेल तर गार कातडीवर दव जमतं आणि दोन दिवस वाळवलेली कातडी दहा मिनिटांत ओली होते. ओव्हन पूर्ण तापला की थेट फ्रीजमधून आत.

आधी उरलेले मिठाचे खडे झटका. कातडीवर अर्धा छोटा चमचा तेल हाताने पातळ पसरा आणि चिमूटभर बारीक मीठ भुरभुरवा. तेलाचा फक्त ओलसर थर हवा, ओघळ नको.

एक गोष्ट बहुतेक लोक सोडून देतात, ती म्हणजे तुकडा समतल करणं. कातडीत जिथे खोलगट भाग असतो तिथे वितळलेली चरबी आणि रस साचतो, आणि तिथेच मऊ डाग राहतो. तुकडा डोळ्यांच्या रेषेत धरून बघा. जिथे खड्डा असेल तिथे खालून फॉइलचा चुरगळलेला गोळा सरकवा. मध्यभाग कडांपेक्षा किंचित उंच राहिला तर सर्वांत चांगलं, कारण चरबी आपोआप बाजूंनी ओघळून जाते.

ट्रेमध्ये तुकडा जाळीवरच ठेवा. सुरुवातीच्या प्रखर टप्प्यात ट्रेमध्ये पाणी घालू नका, कारण त्या वेळी ओव्हनमध्ये वाफ नको आहे.

पहिला टप्पा: प्रखर आच

ओव्हन २४० अंश सेल्सिअसला किमान २५ मिनिटं तापवा. पंखा चालू असेल तर २२० पुरे. तुकडा मधल्या कप्प्याच्या किंचित वर ठेवा. छोट्या ओव्हनमध्ये वरचा दांडा कातडीला फार जवळ येतो, म्हणून कातडी आणि दांडा यात निदान १० सेंटीमीटर अंतर राहील असा कप्पा निवडा.

इथे वेळ ३० ते ३५ मिनिटं, पण घड्याळावर विसंबू नका. पहिली दहा मिनिटं फारसं काही दिसत नाही, कातडी फक्त पिवळसर होते. पंधराव्या मिनिटाच्या आसपास चिरांच्या कडा वर उचलल्या जातात आणि चरबी चरचरायला लागते. मग कडांजवळ मोहरीएवढे फोड दिसतात आणि तिथून आत सरकत जातात. दोन तृतीयांश कातडीवर फोड आले की हा टप्पा संपला. ३५ मिनिटांनंतरही निम्मीच कातडी फुगली असेल तर आणखी दहा मिनिटं द्या. पण कुठे काळा ठिपका दिसला तर लगेच थांबा. जो कोपरा पुढे पळतोय त्यावर फॉइलचा तुकडा ठेवला तर बाकीच्यांना वेळ मिळतो. मधे एकदा ट्रे फिरवा, कारण बहुतेक ओव्हनची मागची बाजू जास्त तापते.

हा टप्पा शेवटी ठेवावा असं मानणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांचंही चालतं. मी तो आधी घेतो, कारण त्या क्षणी कातडी सर्वांत कोरडी आणि मांस सर्वांत गार असतं. कातडी फुगेपर्यंत आतलं मांस फारसं शिजत नाही. आणि हा टप्पा चुकला तर दुरुस्त करायला पुढे अख्खा दीड तास आहे. शेवटी चुकला तर पाहुणे ताटावर बसलेले असतात.

धूर येणं साहजिक आहे. एक्झॉस्ट चालू ठेवा. धूर फारच वाढला तर चरबी ट्रेमध्ये जळते आहे. ट्रे बाहेर काढा आणि चरबी सांभाळून ओतून घ्या. तापलेल्या चरबीत पाणी ओतायचं नाही, ती भडका उडाल्यासारखी अंगावर उडते.

दुसरा टप्पा: मंद आच

आता ओव्हन १६० अंशांवर आणा, पंखा असेल तर १४०. दार अर्धा मिनिट उघडं ठेवलं तर आच लवकर उतरते. याच वेळी ट्रे बाहेर घ्या, चरबी ओतून टाका, ट्रे दोन मिनिटं निवू द्या आणि मग त्यात कपभर गरम पाणी घाला. पाणी मांसाला लागू नये, जाळीच्या खालीच राहावं. ते चरबी जळू देत नाही, आणि उरलेल्या रसावर नंतर ग्रेव्ही करता येते. कपभरापेक्षा जास्त नको. ट्रे भरून पाणी घातलं तर कातडी वाफेवर शिजते आणि पहिल्या टप्प्याची कमाई जाते.

१.५ किलोला इथे १ तास ३० मिनिटं ते १ तास ४५ मिनिटं लागतात. या वेळात मांसातलं कोलॅजन सुटतं आणि थरांमधली चरबी वितळते. सुरक्षिततेसाठी पोर्क आत ६३ अंशांवर पोचून तीन मिनिटं थांबलं की पुरे, पण त्या तापमानाला बेली चावली जात नाही. मऊपणा ८५ च्या पुढे येतो, आणि मी ९० च्या आसपास थांबतो. थर्मामीटर बाजूने, मांसाच्या थरात घाला. चरबीच्या थरात घातला तर आकडा फसवा येतो. वरून भोसकू नका, कातडीला नवं भोक पडेल आणि रस वर येईल. थर्मामीटर नसेल तर पातळ सुरी बाजूने आत ढकला. ती विरोध न होता, मऊ लोण्यात जावी तशी गेली की झालं.

या पूर्ण काळात कातडीवर चरबी ओतत बसू नका, झाकण घालू नका, आणि दार सारखं उघडू नका.

शेवटची तपासणी

सुरीच्या पाठीने कातडीवर जागोजागी ठोका. फुगलेल्या भागाचा आवाज कोरडा आणि पोकळ येतो. राहिलेला भाग थप्प असा बोलतो आणि सुरीखाली किंचित दबतो. सगळीकडे कोरडा आवाज असेल तर हा टप्पा सोडून द्या.

मऊ भाग असतील तर ओव्हन पुन्हा २३० ला न्या आणि १० ते १५ मिनिटं द्या. वरचा ग्रिल वापरायचा असेल तर ३ ते ५ मिनिटांत काम होतं, पण तिथून हलायचं नाही. फुगणं आणि जळणं यात ग्रिलखाली जेमतेम ४० सेकंदांचं अंतर असतं. आणि मांस पूर्ण शिजलंय पण कातडी अजिबात जमली नाही, तर शेवटचा उपाय: कातडी खालच्या थोड्या चरबीसह अलगद सोलून घ्या, जाळीवर पसरा आणि एकटीच २२० अंशांवर १५-२० मिनिटं भाजा. मांसाला तोवर बाहेर विश्रांती. ताटात कातडी वेगळी वाढली तरी कुणी तक्रार करत नाही.

बाहेर काढल्यावर १५ ते २० मिनिटं थांबा, पण फॉइलने झाकू नका. इतर भाजलेल्या मांसाला झाकायची सवय असते, ती इथे घात करते, कारण खालून उठणारी वाफ फॉइलला लागून कातडीवर परत पडते. कापताना तुकडा उलटा, कातडी खाली ठेवा. दातेरी सुरीने आधी मांस कापा आणि कातडीपर्यंत आलात की सुरीच्या पाठीवर हाताने एक जोरदार दाब द्या. वरून कापायला गेलात तर क्रॅकलिंग सुटून उडतं आणि खालचं मांस चेंगरतं.

वेळेचा हिशोब

रविवारी दुपारी १ वाजता जेवायला बसायचंय असं समजू. शुक्रवारी सकाळी १० वाजता चिरा आणि मीठ, ११ वाजता टिपून तुकडा उघडा फ्रीजमध्ये. रविवारी ९:३५ ला ओव्हन लावा. १०:०५ ला तुकडा २४० अंशांत आत. १०:४० ला आच १६० वर आणि ट्रेमध्ये पाणी. १२:२० ला थर्मामीटर घालून पाहा आणि सुरीने ठोकून बघा. लागली तर शेवटची प्रखर आच, १२:३५ पर्यंत. १२:५५ ला कापायला घ्या. सगळं आधीच झालं तर घाई नाही: उघडी ठेवलेली बेली ४० मिनिटं सहज गरम राहते आणि कातडी आणखी कोरडी होते.

उरलेली बेली दुसऱ्या दिवशी गरम करायची तर मायक्रोवेव्ह नको, त्यात कातडी पुन्हा चामडं होते. काप करून, कातडी वर ठेवून, २०० अंशांच्या ओव्हनमध्ये १० ते १२ मिनिटं. पहिल्याइतकी कडक नाही, पण जवळपास येते.